डबल बुकिंग वहीत होत नाही, ॲडमिशनच्या टेबलावर होतं

प्रश्न: आमचं छोटं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. ३ गाड्या, ४ इन्स्ट्रक्टर (त्यातल्या एक ताई, त्या सकाळी ८ नंतरच येऊ शकतात). महिन्याला २२ ते २५ ॲडमिशन होतात आणि बहुतेकांना सकाळी साडेसहा ते नऊच हवं असतं. वही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालवतो. एकाच वेळेला दोघांना बोलावलं जातं, कोणी आलं नाही तर गाडी रिकामी उभी राहते, टेस्टच्या दिवशी सगळा दिवस विस्कटतो. स्लॉट बुकिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. आधी एक हिशेब करू, कारण तो जमला नाही तर ॲप कुठलंही घ्या, तेही तुम्हाला तेवढ्याच गोंधळात नेईल, फक्त नोटिफिकेशन पाठवून.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं हेच काम करतो, त्यामुळे उदाहरणं इथली येतील. तुमच्या गावात रस्ते, गर्दीच्या वेळा आणि आरटीओच्या टेस्टची पद्धत वेगळी असेल, तिथे आकडे बदलून घ्या. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

नियमाने कार शिकवण्याचा कालावधी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास लागतात. रोज अर्धा तास धरला तर २० वेळा गाडीवर बसायला हवं. म्हणजे एक ॲडमिशन घेता तेव्हा तुम्ही २० अर्धे तास विकता. ते अर्धे तास तुमच्याकडे आहेत का, हे पैसे घेताना कोणी मोजत नाही. सगळं तिथूनच बिघडतं.

आता मोजू. आपण अर्धा तास म्हणतो, पण एक उतरतो, दुसरा बसतो, सीट पुढेमागे होते, आरसे लावले जातात, आधीचा आणखी एक शंका विचारतो. घरून घ्यायची-सोडायची पद्धत असेल तर आणखी वेळ जातो. म्हणून स्लॉट ४० मिनिटांचा धरा, त्यात ३० मिनिटं चालवणं. सकाळी ६:२०, ७:००, ७:४०, ८:२० आणि ९:०० असे पाच स्लॉट बसतात, ९:४० ला सकाळ संपते. तीन गाड्यांचे मिळून रोजचे १५. यातले २ कोणालाही द्यायचे नाहीत. ते भरपाईचे, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. राहिले १३. रविवार आणि एखादी सुट्टी सोडून महिन्याचे २५ दिवस धरले तर ३२५ स्लॉट झाले. त्याला २० ने भागा. १६ जण.

तुमच्या तीन गाड्यांवर सकाळी महिन्याला १६ माणसं शिकू शकतात. तुम्ही २२-२५ घेता आणि बहुतेकांना सकाळ कबूल करता. मग दोघांना एका वेळेला बोलावलं जाणारच. वही लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याच्याकडे जागाच नाही. सतराव्या माणसाला ॲडमिशनच्या वेळीच सांगा: "सकाळचं या महिन्याचं भरलं. दुपारी १२ ला किंवा संध्याकाळी देतो, नाहीतर पुढच्या महिन्यात सकाळ." काही जण दुसरीकडे जातील. पण कबूल केलेली सकाळ न मिळाल्यामुळे भांडणारा माणूस शाळेचं जे नुकसान करतो, ते यापेक्षा जास्त असतं. शिवाय गृहिणी, निवृत्त मंडळी, कॉलेजची मुलं यांना दुपार खरंच चालते. आपणच विचारत नाही, म्हणून तेही सवयीने सकाळ मागतात.

ताईंचा हिशेब वेगळा मांडा. त्या ८ नंतर येतात म्हणजे त्यांना सकाळचे दोनच स्लॉट मिळतात, ८:२० आणि ९:००. महिन्याला ५०. "शिकवायला बाईच हव्यात" असं म्हणणाऱ्या दोघींनाच त्या सकाळी पूर्ण शिकवू शकतात. तिसरीला सकाळ कबूल केली की एक दिवस तिला दुसरे सर मिळतात आणि ती नाराज होते, आणि तिचं बरोबरच असतं. ताईंचे १० ते १ हे स्लॉट या विद्यार्थिनींसाठी राखा आणि फी घेण्याआधी वेळ स्पष्ट सांगा. आणखी एक लक्षात घ्या: ८ च्या आधी तुमच्याकडे तीन गाड्यांना नेमके तीनच इन्स्ट्रक्टर आहेत. त्यातला एक आजारी पडला तर पहिले तीन स्लॉट एका गाडीचे गेलेच. ८:२० नंतर एक माणूस जास्तीचा आहे. कोणाला उशिरा यायचं असेल, कागदपत्रांना किंवा गाडीच्या कामाला पाठवायचं असेल, तर ते ८:२० नंतर ठेवा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे विद्यार्थ्याला "७ ची बॅच" दिली की तो २१ दिवस ७ लाच येतो. ही पद्धत लिहायला सोपी, शिकवायला वाईट. पहिल्या आठवड्यात त्याला क्लचचा पॉइंट सापडत नाही, गाडी बंद पडते, मागचा हॉर्न वाजवतो, हा आणखी घाबरतो. त्याला मोकळा रस्ता हवा. शेवटच्या आठवड्यात त्याला सिग्नल, रिक्षा, बस, मध्येच आडवा येणारा स्कूटरवाला हे सगळं हवं, आणि ७ च्या मोकळ्या रस्त्यावर यातलं काही भेटत नाही. असा विद्यार्थी २० दिवस छान चालवतो आणि लायसन्स मिळाल्यावर ऑफिसच्या वेळेत गाडी काढायला धजत नाही.

म्हणून आम्ही वेळ विकत नाही, सकाळचा पट्टा विकतो. ॲडमिशनच्या वेळी सांगायचं की तुमची वेळ दोनदा सरकणार आहे. मी चार टप्पे धरतो आणि चार्टवर नावापुढे टप्प्याचं अक्षर लिहितो. 'क' म्हणजे पहिले ५ दिवस: क्लच, पहिला-दुसरा गिअर, ब्रेक, सरळ रेषा. हे ६:२० किंवा ७:०० ला, आमच्याकडे मखमलाबाद रोडच्या बाजूला. 'ख' म्हणजे पुढचे ८ दिवस: गिअर बदलत वळणं, आरसे, इंडिकेटर, लेन, यू-टर्न. हे साधारण ७:४० च्या आसपास. 'ग' म्हणजे ४ दिवस खऱ्या गर्दीत, ८:२० किंवा ९:०० ला, द्वारका किंवा मुंबई नाक्याकडे, त्यात चढावर हाफ क्लचवर गाडी उचलणं आलं. 'घ' म्हणजे शेवटचे ३, फक्त टेस्टची तयारी: रिव्हर्स, पार्किंग आणि तुमच्या आरटीओत जो ट्रॅक घेतात तो. पाच, आठ, चार, तीन, मिळून २० झाले.

ज्याला साडेआठला कामावर जायचंच आहे, त्याला 'ग' टप्पा संध्याकाळी द्या. चार दिवस संध्याकाळी यायला कोणी नाही म्हणत नाही, आधी सांगितलेलं असलं तर. पावसाळ्यात 'क' टप्प्याचा विद्यार्थी मुसळधार पावसात बाहेर काढू नका. त्याचा दिवस पुढे ढकला आणि तो स्लॉट 'ग'वाल्याला द्या, कारण त्याला वायपर लावून, काच धुरकटलेली असताना चालवायचा सराव हवाच असतो.

टप्पे लावले की आणखी एक गोष्ट आपोआप दिसते. सोळाही जण १ तारखेला सुरू झाले तर त्या आठवड्यात १६ जणांना लवकरची वेळ हवी, आणि ६:२० व ७:०० मिळून तुमच्याकडे तीन गाड्यांवर सहाच जागा. म्हणजे महिन्याची बॅच काढायची नाही. दर आठवड्याला चार नवे, दोन सोमवारी, दोन गुरुवारी. 'क' टप्पा साधारण आठवड्यात संपतो, त्यामुळे लवकरच्या सहा जागांपैकी चार भरलेल्या राहतात आणि दोन 'ख'ला मिळतात. मे महिन्यात बारावीची, नुकती १८ पूर्ण झालेली मुलं एकदम येतात. तेव्हाही आठवड्याला चारच घ्या, वेटिंगची यादी ठेवा आणि प्रत्येकाला सुरू होण्याची नक्की तारीख द्या. तारीख दिली की माणूस थांबतो.

टेस्टच्या दिवसाचा घोळ कुठून येतो तेही बघा. लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, आणि लर्निंग ६ महिने चालतं. आपला कोर्स मात्र तीन-साडेतीन आठवड्यांत संपतो. मध्ये पंधरवडा रिकामा जातो, हात विसरतो, आणि टेस्टच्या आदल्या दिवशी विद्यार्थी फोन करतो, "सर, उद्या टेस्ट आहे, एकदा रिव्हर्स करून घ्या ना." अशा तीन फोनांनी तुमचा तो दिवस मोडतो. 'घ'चे तीन स्लॉट मी वेगळे काढले ते यासाठीच. ते सलग द्यायचेच नाहीत. टेस्टची तारीख ठरली की तिच्या मागे लावायचे.

एक विद्यार्थिनी धरून दाखवतो. लर्निंग मिळालं ५ जानेवारीला. टेस्ट ४ फेब्रुवारीच्या आधी नाही. सुरुवात ८ जानेवारी, गुरुवार. 'क' टप्पा ८, ९, १०, १२, १३ ला ६:२० वाजता. 'ख' १४ ते १७ आणि १९ ते २२ असे आठ दिवस, ७:४० ला. 'ग' २३, २४, २७ आणि २८ ला, ८:२० वाजता (२५ ला रविवार, २६ ला सुट्टी). २८ ला १७ स्लॉट पूर्ण, आणि ८ पासून २८ पर्यंत २१ दिवसही पूर्ण. आता `sarathi.parivahan.gov.in` वर तिला टेस्टची तारीख १० फेब्रुवारी मिळाली. 'घ'चे तीन स्लॉट ६, ७ आणि ९ फेब्रुवारीला लागतात, मध्ये ८ चा रविवार. दहाही तास भरले आणि हात ताजा असताना ती टेस्टला गेली. हे सगळं तिच्या ॲडमिशनच्या दिवशीच पेन्सिलने लिहून होतं, फक्त शेवटचे तीन टेस्टची तारीख कळल्यावर पक्के होतात.

टेस्टला गाडी आपलीच जाते. ती रांगेत किती वेळ उभी राहील हे आपल्या हातात नाही, म्हणून त्या गाडीवर ९:४० नंतर दुपारपर्यंत काहीही लिहायचं नाही. विद्यार्थी आपापल्या मर्जीने तारखा घेतात तेव्हा एकेका टेस्टसाठी आठवड्यातून चार दिवस गाडी जाते. शक्य असेल तिथे त्यांना शाळेत बसवून तारीख घ्या आणि आठवड्यातले दोन दिवस धरा, म्हणजे एका फेरीत तीन-चार जण होतात. हव्या त्या दिवशी तारीख उपलब्ध असेलच असं नाही, पण निम्मे जरी जमले तरी दुपारचे विद्यार्थी वाचतात. सीएनजी भरणं हेही असंच चार्टवर लिहायचं काम आहे. पंपावरची रांग सकाळचे स्लॉट गिळते आणि मग प्रत्येक जण वीस मिनिटं उशिरा. दुपारी दोनच्या सुमाराला प्रत्येक गाडीपुढे 'गॅस' असं लिहून ठेवा, त्या वेळेला माणूस बुक करू नका.

आता न येणाऱ्यांचं. गैरहजेरी बंद होत नाही, तिची सोय करावी लागते. आमचा नियम साधा आहे: आदल्या रात्री ८ पर्यंत कळवलं तर तो स्लॉट पुढे मिळतो, त्यानंतर कळवलं तर तो वापरला असं धरतो. आजारपण किंवा घरात काही घडलं तर अर्थातच सूट, त्याला नियम लावायचा नसतो. पण वापरला असं धरलेला स्लॉट म्हणजे चालवलेला तास नव्हे. फॉर्म १५ मध्ये विद्यार्थ्याने प्रत्यक्ष चालवलेल्या वेळेची नोंद असते, तिथे न आलेल्या दिवसाची वेळ लिहायची नाही. तास कमी पडले तर ते भरून काढल्याशिवाय फॉर्म ५ चं सर्टिफिकेट देऊ नका. बुडालेल्या स्लॉटचे जादा पैसे घ्या किंवा सोडून द्या, तो तुमचा निर्णय, पण दहा तास खरे व्हायला हवेत.

रोजचे ते २ मोकळे स्लॉट इथे कामी येतात. मी ते ७:४० आणि ९:०० ला वेगवेगळ्या गाड्यांवर ठेवतो, म्हणजे 'ख' आणि 'ग' दोन्हींची भरपाई होते. रात्री ८ ला चार्ट बंद झाला की कळतं उद्या कोण नाही. तेव्हा ज्यांचे दिवस मागे पडलेत त्यांच्यातल्या, त्याच भागात राहणाऱ्याला फोन करायचा. 'क'वाल्याला ऐन वेळी बोलावू नका. त्याचे पहिले पाच दिवस सलग आणि एकाच सरांकडे झाले पाहिजेत. एक सर म्हणतात क्लच अर्धा सोड, दुसरे म्हणतात आधी ॲक्सिलरेटर दे, आणि त्याचा पाय गोंधळतो. 'ग' मध्ये मात्र एकदा तरी सर मुद्दाम बदला. नेहमीच्या सरांच्या "हं, आता ब्रेक"ची सवय झालेली असते, ते दुसऱ्या माणसाला लगेच दिसतं. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड गाडीत ठेवतो. दिवसाला एक ओळ: "डावं वळण रुंद घेतो", "आरसा बघत नाही", "चढावर दोनदा बंद". पुढच्या सरांना तेवढं पुरतं.

आता सॉफ्टवेअर. तीन गाड्यांना गुगल शीट पुरते, आणि ती एकाच माणसाने भरायची. बाकीच्यांनी मोबाइलवर फक्त बघायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर बुकिंग घेणं आजच बंद करा; ग्रुपवर फक्त रात्री उद्याचा चार्ट टाकायचा. शीटमध्ये एका बुकिंगची एक ओळ: A तारीख, B स्लॉट, C गाडी, D इन्स्ट्रक्टर, E विद्यार्थी, F टप्पा, G स्थिती. स्लॉटला वेळ लिहू नका, क्रमांक लिहा, कारण कोणी ७.४० लिहितं, कोणी ७:४०, आणि शीटला ते वेगळं वाटतं. विद्यार्थ्यालाही नाव नको, फॉर्म १४ च्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक द्या. दोन स्नेहा आल्या की नावं दगा देतात. मग H2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=IF(A2="","",IF(OR(
COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,C:C,C2,G:G,"<>रद्द")>1,
COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,D:D,D2,G:G,"<>रद्द")>1,
COUNTIFS(A:A,A2,E:E,E2,G:G,"<>रद्द")>1),
"धडक",""))
```

एकाच वेळी एक गाडी दोनदा, एक इन्स्ट्रक्टर दोनदा, किंवा एका दिवसात एकच विद्यार्थी दोनदा आला की तिथे 'धडक' दिसेल. स्लॉट सुटला तर ओळ पुसू नका, G मध्ये 'रद्द' लिहा. महिन्याअखेरीस कोणाचे किती दिवस बुडाले ते त्यावरूनच कळतं. विद्यार्थ्यांच्या वेगळ्या पानावर लर्निंगची तारीख आणि ते कधी संपतं हे दोन रकाने नक्की ठेवा. लग्न, परीक्षा, बदली यांत मध्येच थांबलेल्यांचं लर्निंग संपायला आलं की त्यांना महिनाभर आधी फोन जायला हवा. आणि लर्निंगची तारीख भरल्याशिवाय त्या क्रमांकाचा पहिला स्लॉट लिहायचाच नाही. लर्निंग नसलेला माणूस रस्त्यावर स्टिअरिंगला बसता कामा नये, फी भरलेली असली तरी.

पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची वेळ दोन कारणांनी येते: दुसरी शाखा निघाली, किंवा विद्यार्थ्याने स्वतः स्लॉट निवडावा असं तुम्हाला वाटू लागलं. दुसऱ्या कारणाबद्दल मी सावध राहतो. विद्यार्थ्याला स्वतः निवडायला दिलं की तो सोयीची वेळ निवडतो, टप्प्याची नाही. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा की विद्यार्थ्याच्या टप्प्यानुसार त्याला दिसणारे स्लॉट मर्यादित करता येतात का, आणि एका बुकिंगला गाडी व इन्स्ट्रक्टर दोन्ही बांधता येतात का. साधी अपॉइंटमेंटची ॲप बहुतेक वेळा माणूस बांधतात, गाडी बांधत नाहीत.

बदल करताना आत्ता शिकत असलेल्यांच्या वेळा हलवू नका, त्यांना जे कबूल केलंय ते पूर्ण करा. येत्या सोमवारी फक्त दोन नवे घ्या, गुरुवारी दोन, आणि त्यांनाच पट्टा समजावून सांगा. साधारण महिन्याभरात जुने संपतील आणि सगळा चार्ट नव्या पद्धतीवर येईल. पहिल्या दोन आठवड्यांत ७:४० ला गर्दी आणि ६:२० ला रिकामी जागा दिसली, तर तुमच्या गावात 'क' टप्पा दुपारी १ ते ३ मध्ये चांगला बसतो का ते बघा. बाजारपेठेच्या गावात त्या वेळेला रस्ते सकाळइतकेच मोकळे असतात.